झिरो ट्रस्ट स्वीकारताना येणाऱ्या अडचणींवर साहित्य आढावा: पुरावा शोधत लिहायची पद्धत

प्रश्न: एम.टेक.च्या शोधनिबंधासाठी झिरो ट्रस्ट आर्किटेक्चर स्वीकारताना संस्थांना येणाऱ्या अडचणींवर लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा आहे. बरेच पेपर वाचले, पण सगळीकडे तेच: जुन्या सिस्टिम, खर्च, कुशल माणसांची कमतरता, कर्मचाऱ्यांचा विरोध. गाइड म्हणतात, ही नुसती यादी झाली. शोध कसा घ्यायचा आणि मांडणी कशी करायची?

उत्तर:

गाइडचं म्हणणं बरोबर आहे, आणि यादी तयार होण्याचं कारण त्या पेपरांमध्येच आहे. ‘जुन्या सिस्टिममुळे झिरो ट्रस्ट आणणं अवघड जातं’ असं वाक्य कुठल्याही पेपरात सापडलं की त्यापुढचा संदर्भ उघडून बघा. बहुतेक वेळा तिथे तसंच दुसरं वाक्य आणि त्याच्यापुढे आणखी एक संदर्भ असतो. दोन-तीन पायऱ्या खाली उतरलात की ही साखळी एखाद्या मार्गदर्शक दस्तऐवजाशी किंवा विक्रेत्याच्या श्वेतपत्रिकेशी संपते. म्हणजे दहा पेपर एकच गोष्ट सांगत असले तरी तिच्यामागे दहा निरीक्षणं असतीलच असं नाही, कधीकधी एकही नसतं. म्हणून ‘अडचणी कोणत्या’ एवढ्यावर आढावा थांबवू नका. कोणती अडचण कोणी, कुठे, कशाच्या आधारे नोंदवली आहे, हा प्रश्न आढाव्याच्या मध्यभागी ठेवा. पुढचं सगळं काम याच प्रश्नाभोवती बसवता येतं.

पहिलं काम व्याख्येचं. झिरो ट्रस्ट, झिरो ट्रस्ट आर्किटेक्चर आणि झेडटीएनए म्हणजे झिरो ट्रस्ट नेटवर्क ॲक्सेस या तीन गोष्टी साहित्यात सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. एनआयएसटी या अमेरिकी मानक-संस्थेच्या ऑगस्ट २०२० मधल्या ८००-२०७ या प्रकाशनात हा फरक स्पष्ट आहे. झिरो ट्रस्ट हा कोणावरही आपोआप विश्वास न ठेवता प्रत्येक प्रवेश तपासण्यामागच्या संकल्पनांचा संच आहे, तर त्या संकल्पनांवर आधारलेली संस्थेची सुरक्षा-योजना म्हणजे झिरो ट्रस्ट आर्किटेक्चर. त्या योजनेत घटकांमधले संबंध, कामाचे प्रवाह आणि प्रवेशाची धोरणं येतात. झेडटीएनए ही मात्र बाजारातली उत्पादनांची एक जात आहे, बहुतेक ठिकाणी व्हीपीएनच्या जागी बसवली जाणारी. एखाद्या सर्वेक्षणात संस्थांनी ‘आम्ही झिरो ट्रस्ट स्वीकारलं’ म्हटलं असेल आणि प्रत्यक्षात फक्त व्हीपीएन बदललं असेल, तर तिथल्या अडचणी आर्किटेक्चर स्वीकारण्याच्या अडचणी ठरत नाहीत. एका परिच्छेदात तुमची व्याख्या लिहून टाका आणि प्रत्येक पेपर त्या व्याख्येत बसतो का, हे तपासत चला.

याच दस्तऐवजातला आणखी एक सापळा म्हणजे पाचवं प्रकरण. त्यात झिरो ट्रस्ट आर्किटेक्चरला असलेले धोके दिले आहेत: निर्णय घेणाऱ्या यंत्रणेलाच कोणीतरी फितवणं, सेवा बंद पाडणं, चोरलेली ओळखपत्रं वापरणं वगैरे. हे धोके आर्किटेक्चर उभं राहिल्यानंतरचे आहेत. ते ‘स्वीकारातल्या अडचणी’ म्हणून उचलले गेलेले अनेक निबंधांत दिसतात. एकाच विक्रेत्याच्या बंदिस्त डेटा-फॉरमॅटवर अवलंबून राहण्याचा मुद्दा तेवढा दोन्हीकडे मोजता येतो, कारण त्याचा परिणाम खरेदीच्या निर्णयावरच होतो. स्थलांतराची चर्चा सातव्या प्रकरणात आहे आणि तुमच्या कामाचा भाग तोच आहे.

आता शोध. स्कोपसमध्ये अशा ओळीने सुरुवात करता येईल:

```
TITLE-ABS-KEY(
  "zero trust"
  AND (adopt* OR implement* OR migrat* OR transition*)
  AND (organi?ation* OR enterprise* OR agenc* OR firm*)
  AND (challeng* OR barrier* OR obstacle* OR inhibit* OR readiness)
) AND PUBYEAR > 2019
```

दुहेरी अवतरणातला शब्दसमूह स्कोपस जोडरेषेसह आणि जोडरेषेशिवाय, दोन्ही रूपांत पकडतो, त्यामुळे दोन वेगळी रूपं द्यावी लागत नाहीत. खरी अडचण `challeng*` या शब्दाची आहे. अभियांत्रिकीच्या जवळपास प्रत्येक सारांशाच्या पहिल्या वाक्यात तो असतो, शिवाय प्रमाणीकरणाच्या चॅलेंज-रिस्पॉन्स पद्धतीवरचे पेपरही त्यामुळे जाळ्यात येतात. परिणामी सहाव्या पिढीचं नेटवर्क, ब्लॉकचेन, वाहनांचं जाळं यांसाठी नवी योजना सुचवणारे पेपर मोठ्या संख्येने वर येतात. ते `AND NOT` लावून काढू नका, कारण त्यासोबत कामाचे पेपरही जातील. शीर्षक आणि सारांश वाचून, ठरवलेल्या निकषानुसार गाळा. निकष साधा ठेवा: पेपरात संस्थेच्या पातळीवर स्वीकार किंवा स्थलांतर हा विषय आहे का? केवळ नवी योजना आणि तिचं सिम्युलेशन असेल तर तो पेपर बाहेर.

शोधओळ बरोबर आहे की नाही, हे कळण्यासाठी आधीच माहीत असलेले चार-पाच पेपर कसोटीला ठेवा. उदाहरणार्थ, झिरो ट्रस्टकडे होणाऱ्या स्थलांतरावरचा तीराकानोक आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा आढावा, बक आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा बहुस्रोत आढावा, सय्यद आणि सहकाऱ्यांचं आयट्रिपलई ॲक्सेसमधलं २०२२ चं सर्वेक्षण आणि यशाच्या घटकांवरचा येओह आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास. यातला एखादा निकालात आला नाही तर त्याच्या सारांशात कोणते शब्द आहेत ते बघा आणि ओळ त्याप्रमाणे सुधारा. हीच ओळ आयट्रिपलई एक्सप्लोअरमध्ये तशीच चालणार नाही. तिथे वाइल्डकार्डच्या संख्येवर मर्यादा आहे, म्हणून ती दोन तुकड्यांत चालवावी लागते. गूगल स्कॉलरवर तारांकनाने शब्द तोडता येत नाही आणि कोणत्याही शोधाचे पहिले १००० निकालच दिसतात. त्यामुळे स्कॉलर मुख्य स्रोत म्हणून न वापरता संदर्भांचा माग काढायला वापरा. प्रत्येक डेटाबेसमध्ये चालवलेली ओळ जशीच्या तशी, तारीख आणि निकालांच्या संख्येसह, त्याच दिवशी एका फाइलमध्ये उतरवा. महिन्याने तीच ओळ चालवली तर आकडा बदललेला असतो आणि मग पद्धतीचा भाग लिहिताना काहीच जुळत नाही.

२०२० पासूनच का, असं परीक्षक विचारतील. त्या वर्षी एनआयएसटीमुळे समान व्याख्या हाती आली, हे त्याचं उत्तर. पण या निर्बंधामुळे एक महत्त्वाचा ऐवज हातातून जातो: बियॉन्डकॉर्प या गूगलच्या स्वतःच्या झिरो ट्रस्ट अंमलबजावणीवरचे लेख, जे २०१४ पासून युझनिक्सच्या नियतकालिकात आले. त्यांना अपवाद म्हणून घुसडण्याऐवजी नियमच असा करा: डेटाबेसमधला शोध २०२० पासून, पण निवडलेल्या पेपरांच्या संदर्भसूचीतून मागे जाताना वर्षाची अट नाही. मग बियॉन्डकॉर्प नियमातूनच आत येतं. ही मागे-पुढे जाण्याची पद्धत स्नोबॉलिंग म्हणून ओळखली जाते आणि वोलिन यांनी २०१४ मध्ये तिची पायरीवार कृती दिली आहे, तिचा आधार घ्या. मास्टर्सच्या निबंधाला शेवटी २५ ते ४० अभ्यास पुरतात. शंभरावर गेलात तर निकष सैल आहे असं समजा. एकट्याने गाळणी करत असाल, तर साधारण पाचवा हिस्सा दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही वेळच्या निर्णयांत किती फरक पडला ते लिहा. गाइडनी किंवा वर्गातल्या कोणी तेवढा हिस्सा तपासला तर आणखी चांगलं.

यानंतर तक्ता. वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये मांडलेला संकल्पना-तक्ता तुम्हाला माहीत असेल: ओळींत पेपर, रकान्यांत संकल्पना, जिथे उल्लेख तिथे खूण. आपल्या विषयात हा तक्ता नुसत्या खुणांनी भरला तर ‘जुन्या सिस्टिम’ या रकान्यात सगळीकडे खुणा दिसतील आणि त्यातून काहीच हाती लागणार नाही. म्हणून खुणेच्या जागी पुराव्याचा प्रकार लिहा. पाच अक्षरं पुरतात. प्रत्यक्ष अंमलबजावणीत दिसलेलं असेल तर ‘प्र’, मुलाखत, सर्वेक्षण किंवा डेल्फी पद्धतीने तज्ज्ञांनी सांगितलेलं असेल तर ‘म’, प्रयोगशाळेत मोजलेलं असेल तर ‘ल’, मानक किंवा सरकारी मार्गदर्शनात सांगितलेलं असेल तर ‘स’ आणि केवळ दुसऱ्याच्या आधारे किंवा तर्काने म्हटलेलं असेल तर ‘त’. इंग्रजीत लिहिताना तुमच्या सोयीची अक्षरं घ्या. अक्षरासोबत पान क्रमांक आणि मूळ वाक्य दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. तक्ता भरून झाला की काही रकाने ‘त’ने भरलेले दिसतील आणि काहींमध्ये थोडे पण भक्कम ‘प्र’ असतील. आढाव्याचा निष्कर्ष याच चित्रातून निघतो.

जुन्या सिस्टिमची अडचण घेऊन हे करून बघू.

‘त’ असलेले उल्लेख बाजूला ठेवले की पहिला ठोस आधार बियॉन्डकॉर्पमध्ये मिळतो. प्रवेश-प्रॉक्सीवरच्या लेखात गूगलचे अभियंते सांगतात की बाहेरून घेतलेलं सॉफ्टवेअर त्रासदायक ठरलं. काही सॉफ्टवेअर टीएलएस प्रमाणपत्र सादर करू शकत नव्हतं, काही थेट नेटवर्क-जोडणी गृहीत धरून लिहिलेलं होतं, आणि त्यांच्यासाठी वेगळे एन्क्रिप्टेड बोगदे बांधावे लागले. २०१४ च्या पहिल्या लेखात स्थलांतराची कृतीही आहे. वापरकर्त्याच्या यंत्रावरची वाहतूक नव्या, विशेषाधिकार नसलेल्या नेटवर्कवर चालली असती का, हे आधी नुसतं नोंदवून पाहिलं जाई. ३० दिवसांत ९९.९ टक्क्यांहून जास्त वाहतूक पात्र ठरली, तरच पुढची पायरी. हा ‘प्र’ दर्जाचा पुरावा आहे, पण त्याची मर्यादाही लगेच लिहा: स्वतःची उपकरण-यादी, स्वतःचा प्रॉक्सी आणि मोठी अभियंता-फौज असलेली ही एकच कंपनी आहे, आणि लेख तिच्याच माणसांनी लिहिले आहेत.

दुसरा आधार एनआयएसटीचा. सातव्या प्रकरणात म्हटलं आहे की कोऱ्या पाटीवर पूर्ण झिरो ट्रस्ट उभारणं शक्य असलं, तरी बहुतेक संस्था बराच काळ जुनी सीमा-सुरक्षा आणि नवं आर्किटेक्चर अशा संकरित अवस्थेत राहतील. हा ‘स’ दर्जा झाला. यात मार्गदर्शन आहे, मोजमाप नाही. त्याच संस्थेचं जून २०२५ मधलं १८००-३५ हे प्रकाशन मात्र प्रयोगशाळेत उभारलेल्या १९ नमुना-रचनांवर आधारलेलं आहे, म्हणून त्यातल्या एकत्रीकरणाच्या अडचणी ‘ल’मध्ये जातात. पण विक्रेते स्वतः सोबत बसून जोडणी करत होते. सामान्य संस्थेला तशी मदत मिळत नाही, हे त्या नोंदीशेजारी लिहायला हवं.

हे स्रोत शेजारी ठेवले की ‘जुन्या सिस्टिम’ ही एक अडचण नसून निदान तीन आहेत, हे दिसू लागतं. आधुनिक ओळख-प्रोटोकॉल न समजणारं ॲप्लिकेशन ही पहिली. तिथे पुढे प्रॉक्सी बसवून वेळ निभावते. थेट जोडणी गृहीत धरणारं सॉफ्टवेअर ही दुसरी, त्यासाठी बोगदा किंवा बदली लागते. ज्यावर एजंटच चालत नाही असं यंत्र, म्हणजे कारखान्यातला नियंत्रक किंवा रुग्णालयातलं उपकरण, ही तिसरी. तिथे नेटवर्कचे तुकडे पाडून वेगळं ठेवण्याव्यतिरिक्त फारसं काही करता येत नाही. तिन्हींचा उपाय, खर्च आणि वेळ वेगळा आहे. एकाच शीर्षकाखाली त्या कोंबल्यामुळेच साहित्यात ‘खर्च’ हा मुद्दा इतका धूसर राहिला आहे. आता परिच्छेद असा लिहिता येतो:

‘जुन्या प्रणालींचा अडथळा निवडलेल्या बहुतेक अभ्यासांत नमूद आहे, परंतु त्याला प्रत्यक्ष अंमलबजावणीचा आधार देणारे अभ्यास मोजके आहेत आणि ते मोठ्या, तंत्रज्ञानसमृद्ध संस्थेपुरते मर्यादित आहेत. या अभ्यासांनुसार अडथळ्याचं मूळ प्रणालीच्या वयापेक्षा तिने गृहीत धरलेल्या नेटवर्क-जोडणीत आहे. मार्गदर्शक दस्तऐवज संकरित अवस्था अपेक्षित धरतात, मात्र तिचा कालावधी किंवा खर्च सांगत नाहीत.’

यादीतल्या वाक्याशी तुलना करा. इथे एक दावा आहे, त्याची मर्यादा आहे आणि पुढच्या संशोधनाला जागा आहे. संख्या मात्र तुमच्या तक्त्यातून घाला. ‘बहुतेक’ आणि ‘मोजके’ या शब्दांच्या जागी ‘३१ पैकी २७’ असे खरे आकडे आले की परीक्षकाला प्रश्न उरत नाही.

बिगर-शैक्षणिक साहित्य घ्यायचं का, हा प्रश्न या विषयात टाळता येत नाही, कारण प्रत्यक्ष अनुभव बहुतांशी तिथेच आहे. बक आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की शैक्षणिक लेखन रचना आणि कामगिरीकडे झुकलेलं आहे, व्यावसायिक लेखन संस्थेला होणाऱ्या फायद्यांकडे आणि स्थलांतराच्या मार्गांकडे, तर आर्थिक विश्लेषण आणि वापरकर्त्यांवरचे अभ्यास दोन्हीकडे दुर्लक्षित आहेत. पण असे अहवाल घेताना आकड्याच्या पोटात शिरावं लागतं. गार्टनर या बाजार-संशोधन संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये भाकीत केलं की २०२६ पर्यंत फक्त १० टक्के मोठ्या उद्योगांकडे परिपक्व झिरो ट्रस्ट कार्यक्रम असेल. त्या वेळी हे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचं त्यांनी म्हटलं होतं. त्याच संस्थेच्या, २०२३ च्या अखेरीस ३०३ सुरक्षा-प्रमुखांकडून घेतलेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार ६३ टक्के संस्थांनी झिरो ट्रस्ट धोरण पूर्णतः किंवा अंशतः राबवलं होतं. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात नुसते ठेवले तर विसंगती वाटते. वास्तविक पहिला आकडा परिपक्वतेबद्दल आहे आणि दुसऱ्यात ‘अंशतः’ राबवणारेही मोजले आहेत. त्या सर्वेक्षणातल्या बहुतेकांच्या बाबतीत धोरणाची व्याप्ती संस्थेच्या निम्म्या किंवा त्याहून कमी भागापुरतीच होती. स्वीकार म्हणजे काय हे न सांगता दिलेला टक्का आढाव्यात घेऊ नका. उत्पादन विकणाऱ्या कंपनीचं सर्वेक्षण असेल तर नमुना कसा निवडला, हे दिलेलं नसल्यास ते पुराव्याच्या रकान्यात न घालता पार्श्वभूमीत ठेवा.

मांडणीसाठी बरेच जण सिसा या अमेरिकी संस्थेच्या परिपक्वता-प्रारूपातले पाच स्तंभ घेतात: ओळख, उपकरणं, नेटवर्क, ॲप्लिकेशन आणि डेटा. अडचणींच्या आढाव्याला ते सोयीचे नाहीत, कारण मालकी कोणाची, पैसा कोणी द्यायचा, विरोध कुठून येतो हे प्रश्न त्या पाचांत कुठेच बसत नाहीत. टोर्नाट्झकी आणि फ्लायशर यांची तंत्रज्ञान-संस्था-परिसर ही चौकट इथे बरी पडते. तिच्या आडव्या अंगाला एनआयएसटीने सांगितलेल्या स्थलांतराच्या पायऱ्या लावा: माणसं आणि साधनं ओळखणं, प्रक्रिया व त्यांची जोखीम ठरवणं, धोरणं लिहिणं, उत्पादनं निवडणं, मर्यादित सुरुवात करणं आणि विस्तार करणं. मग प्रत्येक अडचण कधी आडवी येते हेही दिसतं. उपकरण-यादीतला गोंधळ पहिल्याच पायरीवर येतो. बियॉन्डकॉर्पच्या २०१६ च्या लेखात वेगवेगळ्या स्रोतांतली उपकरण-माहिती जुळवताना आलेल्या चुका नोंदवल्या आहेत. त्याउलट वापरकर्त्यांचा रोष सुरुवात झाल्यावरच कळतो. साहित्यात कोणत्या पायऱ्या रिकाम्या आहेत, हे या मांडणीत आपोआप उघडं पडतं. विस्ताराच्या पायरीवरचे अभ्यास तुम्हाला फार थोडे मिळतील.

उणीव लिहिताना ‘या विषयावर पुरेसं संशोधन नाही’ असं लिहू नका. सर्वेक्षण-लेखांची इथे मुळीच कमतरता नाही. अपयशाच्या नोंदी मात्र कमी आहेत, कारण फसलेल्या प्रकल्पावर कंपन्या लेख प्रसिद्ध करत नाहीत. त्यासाठी अमेरिकी सरकारी कागदपत्रं उपयोगी पडतात. जानेवारी २०२२ च्या एम-२२-०९ या आदेशाने तिथल्या संघराज्य-संस्थांना आर्थिक वर्ष २०२४ च्या अखेरपर्यंत ठरावीक उद्दिष्टं गाठायला सांगितलं होतं. आतापर्यंत फक्त अंतर्गत नेटवर्कवर असलेली निदान एक प्रणाली इंटरनेटवरून सुरक्षितपणे वापरता येईल अशी करणं, हे त्यातलंच एक. मुदत आणि उद्दिष्ट दोन्ही लिखित असल्यामुळे काय झालं नाही हे तपासता येतं, आणि तिथले महानिरीक्षक दरवर्षी प्रत्येक संस्थेच्या माहिती-सुरक्षेचं मूल्यमापन करून अहवाल देतात. हे अहवाल स्कोपसमध्ये सापडत नाहीत, संस्थेच्या संकेतस्थळावरून एकेक काढावे लागतात. लेखापरीक्षकाला लेखकासारखं स्वतःचं काम चांगलं दाखवायचं नसतं, म्हणून त्यातल्या नोंदींना तक्त्यात ‘प्र’ देता येतो. मात्र ते सरकारी संस्थांपुरते आहेत, हे शेजारी लिहा. लहान खासगी संस्थांसाठी असा कोणताही समांतर स्रोत तुमच्या शोधात सापडला नाही, तर शोधओळ आणि तारीख देऊन तसं नमूद करा. तुमच्या निबंधाचा संशोधन-प्रश्न तिथूनच उचलता येईल.